'करून घेणे' आणि इंग्रजीतील हॅव, गेट
(बाजारहत्नूर येथे शिक्षक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



एका मुलाने अर्जात लिहिले, 'आय हॅड द प्रोजेक्ट रिटन.' त्याला म्हणायचे होते, 'प्रकल्प मी लिहिला होता.' वाचणाऱ्याला सहज वाटेल की प्रकल्प त्याने दुसऱ्याकडून लिहून घेतला. त्याला हवे होते, 'आय हॅड रिटन द प्रोजेक्ट.' शब्द तेच, पण जागा बदलली आणि मुलाने न केलेली लबाडी कबूल केली.

ही चूक का होते? आपल्याकडे हे काम क्रियापदच करते. मराठीत 'करणे'चे 'करवणे' होते. इथली मुले रोज ऐकतात त्या तेलुगूत 'चेयु'चे 'चेयिंचु' होते. इंग्रजीत क्रियापदाला असा प्रत्यय लागत नाही. तिथे क्रमच अर्थ सांगतो: हॅव, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. 'आय हॅड द रिपोर्ट प्रिंटेड' म्हणजे अहवाल मी छापून घेतला. वस्तू मध्ये आली की हात दुसऱ्याचा.

पण 'घेणे' फसवते. 'मी अभ्यास करून घेतला' यात दुसरा कोणी नाही. म्हणून मी मुलांना एक कसोटी देतो: वाक्यात '-कडून' घालून पाहा. 'दुकानदाराकडून अहवाल छापून घेतला' म्हटले तर अर्थ तोच राहतो, तेव्हा हॅड चालेल. 'मित्राकडून अभ्यास करून घेतला' म्हटले तर अर्थच पालटतो. तिथे सरळ 'आय फिनिश्ड माय होमवर्क' लिहावे. 'आय गॉट माय होमवर्क डन' असे म्हटले तरी चालते, कारण गेटच्या या रचनेत काम स्वतःही उरकलेले असू शकते. 'आय हॅड माय होमवर्क डन' मात्र संशय निर्माण करते.

मग हॅव केव्हा, गेट केव्हा? पैसे देऊन किंवा रीतसर सांगून काम करवले असेल, आणि लेखन औपचारिक असेल, तर हॅव. बोलताना, किंवा खटपट करून काम झाले असेल, तर गेट. मीसेवा केंद्रात तीन फेऱ्या मारून दाखला मिळवला, तर 'आय फायनली गॉट इट डन' शोभते. माणसाचे नाव घेतले की रूप बदलते: 'आय हॅड हिम प्रिंट इट', पण 'आय गॉट हिम टू प्रिंट इट'. हा 'टू' फक्त गेटबरोबर येतो.

एक मर्यादाही सांगतो. 'आय हॅड माय सायकल स्टोलन' याचा अर्थ सायकल चोरवून घेतली असा नव्हे, ती चोरीला गेली असा आहे. रचना तीच, पण नुकसान कोणी मुद्दाम करवून घेत नाही, हे वाचणारा जाणतो.

तेव्हा वही तपासताना आधी विचारा, 'बाळा, हे काम कोणाच्या हातून झाले?' उत्तर 'माझ्या' असेल, तर क्रियापद हॅडला लागूनच ठेवायला सांगा.