चौकटीतला आकडा आणि अर्जामागचा माणूस

(शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी करणाऱ्या सहकाऱ्यांपुढे छाननीचा प्रमुख या नात्याने मी केलेले हे छोटेसे भाषण. अर्ज भरणारे आपणच आहात, म्हणून वाचकहो, ते आपल्यापुढेही ठेवीत आहे.)



यंदापासून अर्जांची पहिली तपासणी संगणक करणार आहे. आपली नोकरी जाईल का, असे काहींनी मला विचारले. नोकरी जाणार नाही, उलट जबाबदारी वाढेल. ती कशी, तेवढेच सांगतो.

हा तपासनीस विचार करीत नाही. अर्जातील चौकटीत लिहिलेला आकडा तो आपण दिलेल्या नियमाशी ताडून पाहतो. वार्षिक उत्पन्न दीड लाखापर्यंत आणि गुण किमान ५० टक्के, हे आपले नियम. दोन्हींत बसला तर तो 'पात्र' म्हणतो, न बसला तर 'अपात्र'. मागील वर्षीचे अर्ज आपण त्याच्याकडून पुन्हा तपासून घेतले, तेव्हा पहिली अडचण दिसली.

एका रंगकाम करणाऱ्या पालकांनी वार्षिक उत्पन्नाच्या चौकटीत १४,००० लिहिले होते. तो होता महिन्याचा पगार. तहसीलदारांच्या दाखल्यावर १,६८,००० होते. संगणकाने दाखला वाचला नाही, चौकट वाचली आणि 'पात्र' म्हटले. ही चूक आपल्याला कधीच कळली नसती, कारण ज्याला चुकून पैसे मिळतात तो तक्रार घेऊन येत नाही.

यावर एका सहकाऱ्यांनी उपाय सुचवला. आकडा २५,००० च्या आत असेल, तर तो महिन्याचा समजून संगणकाने बाराने गुणावे. उपाय सरळ दिसतो. पण पुढचाच अर्ज एका मच्छीमार बोटीवरील खलाशाचा निघाला. त्यांनीही महिन्याचेच १५,००० लिहिले होते आणि दाखला जोडलेला नव्हता. बाराने गुणले की १,८०,००० होतात आणि मुलगी अपात्र ठरते. परंतु आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत त्यांना मजुरी नव्हती. दहा महिन्यांचे होतात १,५०,०००, म्हणजे मुलगी नियमात बसते. एक चूक दुरुस्त करायला गेलो आणि दुसरी, अधिक वाईट चूक केली असती.

अशीच चूक ऑस्ट्रेलियाच्या सरकारने फार मोठ्या प्रमाणावर केली. २०१५ नंतर तेथे सरकारी मदत घेणाऱ्यांचे उत्पन्न संगणकाने पडताळण्याची योजना आली. लोक तिला 'रोबोडेट' म्हणू लागले. संगणक वर्षाची कमाई २६ पंधरवड्यांत सारखी वाटून टाकी. समजा, एखाद्याने पहिले १३ पंधरवडे काम करून प्रत्येकी २,००० डॉलर मिळवले आणि नंतर काम सुटल्यावर मदत घेतली. संगणकाच्या हिशेबी त्याने प्रत्येक पंधरवड्यात १,००० डॉलर मिळवले, म्हणजे बेकारीच्या काळातही तो कमावतच होता! मग घेतलेली मदत परत करा, अशी नोटीस जाई. चूक सिद्ध करण्याचे ओझे त्या माणसावर. २०१९ मध्ये न्यायालयात ही पद्धत बेकायदा ठरली, पुढे वसूल केलेले पैसे परत करावे लागले आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने तिच्यावर कडक ताशेरे ओढले. गणित बरोबर होते. माणसाचे वर्ष सारखे नसते, एवढेच गणिताला माहीत नव्हते.

म्हणून आपल्या तपासनिसाला आपण तिसरे उत्तर शिकवले आहे : 'पाहावे लागेल'. दाखला नाही, दाखल्यातील आणि चौकटीतील आकडे जुळत नाहीत, किंवा शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद' आणि बँकेत 'मो.' आहे, असे अर्ज त्या गठ्ठ्यात येतील. ते आपण हातांनी उघडायचे आणि गरज पडल्यास पालकांना बोलवायचे. संगणकाने 'अपात्र' म्हटलेला प्रत्येक अर्ज आपल्यापैकी एकजण पुन्हा वाचेल आणि नकाराच्या पत्रावर कोणत्या नियमामुळे नकार, हे लिहून स्वतःची सही करील. 'पात्र' गठ्ठ्यातला दर दहावा अर्जही उघडायचा, कारण रंगकामाच्या अर्जासारखी चूक तेथेच लपते. सही करणाऱ्याने 'संगणकाने सांगितले' हे कारण द्यायचे नाही.

पालकहो, आपल्याकडून एकच अपेक्षा आहे. उत्पन्नाच्या चौकटीत पूर्ण वर्षाचा आकडा लिहा. काम बारमाही नसेल, तर किती महिने काम होते ते शेजारी स्पष्ट लिहा आणि दाखला जोडा. आणि नकार आलाच, तर पत्रावर ज्याची सही आहे त्याला येऊन भेटा. उत्तर देणे त्याचे काम आहे.