कुत्रा चावला तर : चार तारखा आणि एक साबण
(इस्लापूर परिसरातील मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या तांड्या-गुड्यांवर कुत्रा चावला की पहिला हात जातो हळदीकडे, मिरचीकडे नाहीतर चुन्याकडे. यातलं काहीही जखमेला लावू नका. साबण घ्या आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं जखम धुवा. नळ नसेल तर एकानं तांब्यानं सतत पाणी ओतावं. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि ते साबणानं विरघळतं. नुसत्या पाण्यानं तेवढं काम होत नाही. जखम घट्ट बांधूही नका.

मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथं ही लस मोफत मिळते. रक्त निघालं असेल तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती आणखी एक औषध टोचावं लागतं. त्याला सीरम म्हणतात. लसीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस लागतात, तेवढे दिवस सीरम राखण करतं. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तर टाळू नका.

आता तारखा. समजा, बकऱ्या चारणाऱ्या मुलाच्या पोटरीला कुत्रा चावला आणि मंगळवारी, ३ मार्चला पहिली लस मिळाली. हा झाला शून्य दिवस. मोजणी चावल्या दिवसापासून नाही, पहिल्या लसीपासून करायची. पुढच्या लसी तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे ६, १० आणि ३१ मार्चला. वाचता येत नसेल तर वार लक्षात ठेवा : मंगळवार, शुक्रवार, पुन्हा मंगळवार, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी येणारा मंगळवार. ही कातडीत द्यायच्या लसीची पद्धत झाली. काही ठिकाणी लस दंडाच्या स्नायूत देतात. तेव्हा चौदाव्या दिवशी, १७ मार्चला, आणखी एक असते. आपली पद्धत कोणती, ते कार्डावर लिहून घ्या.

चुकते ती बहुधा शेवटची लस. तोवर जखम वाळलेली असते, किंवा घरचे ऊसतोडीला, मजुरीला निघालेले असतात. पण विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्रास बहुतेकदा एक ते तीन महिन्यांनी दिसतो, कधी त्याहून उशिरा. पाणी गिळता येईना, वाऱ्याची झुळूकही सोसेना, असं झालं की रोगी जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून बाहेरगावी जाताना कार्ड बरोबर ठेवा. पुढची लस तिथल्या सरकारी दवाखान्यात घेता येते.

१० मार्चला जमलं नाही, तर १२ला जा, पण जा. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पुढची तारीख डॉक्टर सांगतील.

कुत्रा ओळखीचा असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, मात्र लस त्यासाठी थांबवू नका. तो धडधाकट राहिला तरी उरलेल्या लसींचं काय करायचं, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.