मिक्सर जळाला, मग पत्र लिहिले



आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. २०२४ च्या दसऱ्याला आम्ही अकोल्याच्या बाजारातून मिक्सर आणला. ३,२०० रुपये मोजले. हमी २ वर्षांची होती. पाचव्या महिन्यात सूनबाई उडदाची डाळ वाटत होती. एकाएकी जळका वास आला. धूर निघाला. मिक्सर बंद पडला.

मिक्सरच्या बुडाशी लाल बटण असते. मोटरीवर जोर पडला की ते उडते आणि मिक्सर थांबतो. मोटर थंड झाल्यावर बटण दाबले की तो पुन्हा चालतो. आम्ही अर्ध्या तासाने बटण दाबले. मिक्सर हलला नाही. जळका वासही जाईना. म्हणजे मोटर जळाली होती.

मुलगा म्हणाला, "बाबा, खोलून पाहू काय?"

आम्ही म्हटलं, "स्क्रूला हात लावू नको. घरी खोलला की कंपनी हमी नाकारते."

दुकानदार म्हणाला, "मास्तर, तुम्ही जास्त वेळ चालवला असेल." आम्हांला राग आला. रागातच कंपनीला पत्र लिहिले. मग वाचून पाहिले. त्यात राग होता, पण मिक्सर कोणता, कधी घेतला, हे नव्हतेच! ते फाडले. दुसरे लिहिले, ते असे :

"महाशय,

आम्ही १२ ऑक्टोबर २०२४ रोजी अकोल्यात आपला मिक्सर घेतला. मॉडेल, अनुक्रमांक व बिलाचा क्रमांक खाली दिला आहे. ९ मार्च २०२५ रोजी डाळ वाटताना मोटर जळाली. मिक्सर दोन-दोन मिनिटे थांबून थांबून चालवला होता. वापर घरचाच आहे. लाल बटण दाबून पाहिले. मिक्सर कोठेही खोललेला नाही. हमी चालू आहे. तरी मोटर फुकट बदलून द्यावी. ते जमत नसेल तर मिक्सर बदलून द्यावा. १५ दिवसांत कळवावे. बिलाची व हमीपत्राची झेरॉक्स सोबत आहे."

अनुक्रमांक बुडावरच्या पट्टीवर मिळाला. अस्सल बिल आम्ही घरीच ठेवले. पत्र स्पीड पोस्टाने पाठवले व पावती जपून ठेवली. दुकानदाराचा आक्षेप कंपनीही घेईल, म्हणून त्याचे उत्तर पत्रातच दिले होते. बाराव्या दिवशी कंपनीचा मिस्त्री आला. त्याने मोटर बदलली. पैसा घेतला नाही.

उत्तर आले नसते तर? तर आम्ही १९१५ या ग्राहक मदतीच्या क्रमांकावर फोन केला असता. तरीही भागले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. माल अकोल्यात घेतला, तरी आम्ही अमरावती जिल्ह्यात राहतो, म्हणून तक्रार अमरावतीस करता येते. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. मात्र तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते.

बिलाची शाई पुसट होते बरे का! म्हणून माल आणला त्याच दिवशी बिलाची झेरॉक्स काढा. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख आहे ना, तेही वाचून पाहा. आता तुम्हांला वाचता येते.