निबंध तपासणाऱ्याचा थकवा

गोडदेवच्या या खोलीत उद्यापासून तुम्ही निबंध तपासायला बसणार आहात. त्याआधी माझी एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेचे ९६ निबंध माझ्याकडे आले होते, प्रत्येकी २० गुणांचे. दोन संध्याकाळी बसून मी ते संपवले. नंतर गुणांची यादी पाहिली, तर पहिल्या तीसमध्ये ५ पासून १८ पर्यंत गुण होते आणि शेवटच्या तीसमध्ये जवळजवळ सगळे १० ते १२. मुलं अचानक सारखी झाली नव्हती. दमलेल्या परीक्षकाला वाईट म्हणायलाही कारण शोधावं लागतं, उत्तम म्हणायलाही. तो मधला आकडा देऊन मोकळा होतो. असे गुण गोळा झालेले दिसले की थकवा आला समजा.

दुसरी गोष्ट जास्त बोचली. एका मुलाच्या निबंधात ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ होता. घरी उर्दू बोलणारा असावा. शुद्धलेखनाला ३ पैकी १ गुण दिला, तो योग्यच होता. पण विचारांना मी ८ पैकी ३ दिले होते. महिन्याभराने पुन्हा वाचलं, तर नळावरच्या भांडणाचं त्याचं निरीक्षण वर्गात सर्वांत चांगलं होतं. ७ द्यायला हवे होते. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये हाच दोष दाखवला होता. लष्करी अधिकारी हाताखालच्यांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण जोखत, पण एकूण मताची छाया प्रत्येक आकड्यावर पडे. याला वलय परिणाम म्हणतात. सुंदर अक्षर असलं, की तो उलट दिशेने चालतो.

म्हणून नुसते चार रकाने आखून भागत नाही. एकाच बैठकीत चारही भरले, तर पहिला बाकीच्यांना ओढतो. पंधरा निबंधांचा गठ्ठा घ्या. आधी सगळ्यांचे फक्त विचार तपासा, मग गठ्ठा पिसून मांडणी, शेवटी शुद्धलेखन. वेळ जास्त जातो, हे कबूल. नावं झाकून क्रमांक टाका. अक्षर मात्र झाकता येत नाही, त्याचं भान ठेवावं लागेल.

सुरुवातीला सगळे मिळून तीन नमुना निबंध ठरवू: साधारण ५, ११ आणि १६ गुणांचे. प्रत्येक गठ्ठ्याआधी ते वाचा. पहिल्या गठ्ठ्यातल्या पाच निबंधांच्या झेरॉक्स मी शेवटच्या गठ्ठ्यात मिसळून ठेवीन. दोन वेळच्या गुणांत दोनपेक्षा जास्त फरक पडला, तर मधले गठ्ठे पुन्हा तपासायचे.

गुण वेगळ्या कागदावर लिहा, निबंधावर नको. दुसऱ्या परीक्षकाला तुमचा आकडा दिसला, की तो त्याच्याच आसपास राहतो. तिसऱ्या गठ्ठ्यानंतर चहा आहे, तो टाळू नका.