प्रमाणकशून्यता आणि आत्महत्येचे प्रमाण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



या वर्गाचा विषय ठरत असताना एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, “सर, दारिद्र्य वाढले की आत्महत्या वाढतात, हे आपण सभांतून सांगतोच. मग हे अनॉमीचे प्रकरण वेगळे कशासाठी शिकायचे?” प्रश्न रास्त आहे आणि आजचे सारे विवेचन त्याच्याच उत्तरासाठी आहे. मात्र मी ते विद्वत्सभेतील निबंधासारखे करणार नाही. ‘समाजाचे नियमन शिथिल झाले असता आत्महत्येचे प्रमाण का वाढते, ते अनॉमीच्या संकल्पनेच्या आधारे स्पष्ट करा,’ असा प्रश्न पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे आला, तर त्याने ज्या क्रमाने उत्तर लिहावे त्याच क्रमाने मी बोलणार आहे. प्रथम संकल्पना, मग कारणमीमांसा, मग उदाहरण आणि शेवटी मर्यादा.

अनॉमी ही संकल्पना समाजशास्त्रात रुजवली ती एमिल द्यूरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने. बोर्दो येथे प्राध्यापक असताना, १८९७ साली, त्याने आत्महत्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अनॉमीला मराठीत आपण प्रमाणकशून्यता म्हणतो. या शब्दाने पुष्कळांची दिशाभूल होते. प्रमाणकशून्यता म्हणजे बेबंदशाही नव्हे, किंवा लोकांची नीती बिघडणेही नव्हे. माणसाने किती अपेक्षा करावी, कोणत्या श्रमाला कोणते फळ योग्य मानावे, याचे जे माप समाज त्याच्या हाती देतो, ते माप निकामी होणे म्हणजे प्रमाणकशून्यता. ती व्यक्तीची मनःस्थिती नाही, समाजाची अवस्था आहे. उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात हा भेद न लिहिणारा विद्यार्थी पुढे हमखास चुकतो.

आता कारणमीमांसा. द्यूरकेम म्हणतो, पशूची गरज त्याचे शरीर ठरवते. पोट भरले की भूक संपते. माणसाच्या शारीरिक गरजांनाही काही मर्यादा आहे, परंतु सुखसोयी, संपत्ती आणि प्रतिष्ठा यांच्या इच्छेला शरीरात कोठेही लगाम नाही. तो लगाम बाहेरूनच यावा लागतो आणि ज्याचा अधिकार माणूस मनापासून मानतो अशी बाहेरची शक्ती म्हणजे समाज. सुताराला, शिक्षकाला, व्यापाऱ्याला साधारण काय मिळावे याविषयी प्रत्येक काळी एक अलिखित समजूत असते. ती न्याय्यच असते असे नाही. पण ती टिकून आहे तोवर माणसाची इच्छा आणि त्याची साधने यांत काही मेळ राहतो. समाजाची घडी अकस्मात विस्कटली, की ही समजूत मोडते आणि नवी तयार होण्यास वेळ लागतो. त्या मधल्या काळात इच्छा आणि साधने यांतील अंतर वाढत जाते, अपेक्षाभंग सार्वत्रिक होतो आणि आत्महत्येचे प्रमाण चढते.

येथे एक खूण लक्षात ठेवावी. द्यूरकेमने आत्महत्येचे जे प्रकार मांडले, त्यांत आत्मकेंद्री आणि प्रमाणकशून्यताजन्य या दोहोंची विद्यार्थी नेहमी गल्लत करतात. पहिल्या प्रकारात माणसाचे समूहाशी असलेले नाते विरलेले असते, म्हणजे प्रश्न एकात्मतेचा असतो. दुसऱ्यात नाती शाबूत असूनही इच्छांना वळण लावणारे नियम ढळलेले असतात, म्हणजे प्रश्न नियमनाचा असतो. आपल्या प्रश्नपत्रिकेतील ‘नियमन’ हा शब्द दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवतो.

आता उदाहरण घेऊ. ते द्यूरकेमच्याच ग्रंथातील आहे आणि अर्थशास्त्राच्या माझ्यासारख्या अध्यापकाला जवळचे वाटावे असे आहे. १८७३ साली व्हिएन्ना शहर सट्ट्याच्या ज्वरात होते. नव्या बँका आणि नव्या कंपन्या निघत होत्या, शेअरचे भाव चढत होते. १ मे रोजी तेथे मोठ्या थाटाने जागतिक प्रदर्शन उघडले आणि त्यानंतर आठच दिवसांनी, ९ मे रोजी, शेअर बाजार कोसळला. तो दिवस इतिहासात ‘काळा शुक्रवार’ म्हणून नोंदला गेला. द्यूरकेमने दिलेले आकडे असे आहेत : व्हिएन्नात १८७२ मध्ये १४१ आत्महत्या झाल्या, १८७३ मध्ये १५३ आणि १८७४ मध्ये २१६.

हे आकडे नुसते उतरवून भागणार नाही, ते वाचता आले पाहिजेत. १४१ वरून १५३ म्हणजे १२ ची वाढ. एवढ्या लहान संख्येत दरवर्षी दहाबाराचा चढउतार केवळ योगायोगानेही होतो. तेव्हा एकट्या १८७३ च्या आकड्यावर सिद्धान्त उभारू नये. परंतु १४१ वरून २१६ म्हणजे ७५ ची, शेकडा ५३ ची वाढ. ती योगायोगात बसत नाही. हे आकडे एकूण मृत्यूंचे आहेत, लोकसंख्येच्या प्रमाणात काढलेले नाहीत, अशी शंका कोणी घेईल. तीही योग्य आहे. पण दोन वर्षांत शहराची लोकसंख्या निम्म्याने वाढत नाही. म्हणजे प्रमाण खरोखरच वाढले होते.

येथवर आपल्या कार्यकर्त्या मित्राला काहीच अडचण नाही. तो म्हणेल, “बाजार बुडाला, लोक कंगाल झाले, म्हणून आत्महत्या वाढल्या. यात अनॉमीचा संबंध काय?” नेमके याच ठिकाणी द्यूरकेम दुसरा साक्षीदार उभा करतो, तो इटलीचा. कारण कंगालपणा असेल, तर समृद्धीत आत्महत्या घटल्या पाहिजेत. १८७० मध्ये इटलीचे एकीकरण पुरे झाले. पुढील वर्षांत उद्योग आणि व्यापार वेगाने वाढले, मजुरीही चढली. त्याआधी काही वर्षे आत्महत्येचे प्रमाण दर दहा लाख वस्तीमागे तिसाच्या आसपास जवळजवळ स्थिर होते. समृद्धी आली आणि १८७७ पर्यंत ते चाळीसच्या घरात गेले. उलट, ज्या आयर्लंडमधील शेतकरी अत्यंत हलाखीत जगत होता, तेथे आत्महत्या फार थोड्या नोंदल्या जात. यावरून द्यूरकेमने निष्कर्ष काढला तो असा की, घातक ठरते ती गरिबी नव्हे, आणि श्रीमंतीही नव्हे. घातक ठरते ती घडी अकस्मात विस्कटणे. बुडालेल्याला अपेक्षा एकाएकी खाली आणता येत नाहीत आणि वर चढलेल्याला त्या कोठे थांबवाव्यात हे कळत नाही. दोन्हीकडे माप हरवलेले असते. व्यापार आणि उद्योग या क्षेत्रांत तर ते कायमचेच हरवले आहे, कारण तेथे अमर्याद लाभ हाच नियम होऊन बसला आहे, असेही त्याने बजावले.

आता मर्यादा. चांगले उत्तर आणि पाठ केलेले उत्तर यांतील फरक येथेच दिसतो.

पहिली मर्यादा नोंदींची. आत्महत्या म्हणून कोणता मृत्यू नोंदायचा हे सरकारी अधिकारी ठरवतो आणि त्याच्यापुढे मृताचे कुटुंब उभे असते. कॅथलिक चर्च आत्महत्या करणाऱ्याला धर्मविधीने दफन नाकारत असे. अशा देशात कुटुंबाने मृत्यूचे कारण झाकणे स्वाभाविक होते. म्हणून आयर्लंडचा लहान आकडा गरिबीचे संरक्षण दाखवतो की लपवाछपवी, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही. जॅक डग्लस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६७ साली हाच आक्षेप सविस्तर मांडला. ‘गरिबी माणसाला वाचवते’ या विधानावर समाजवाद्याने तर अधिकच सावधपणे बोट ठेवावे, कारण ते उद्या मजुरी वाढवू नये म्हणूनही वापरले जाईल.

दुसरी मर्यादा समृद्धीविषयीच्या दाव्याची. अमेरिकेत १९२९ मध्ये दर लाख वस्तीमागे सुमारे १४ आत्महत्या होत होत्या. महामंदीत, १९३२ मध्ये, त्या सुमारे १७ झाल्या. परंतु हेन्री आणि शॉर्ट यांनी १९५४ साली तेथील दीर्घ काळचे आकडे तेजीमंदीशी ताडून पाहिले, तेव्हा आत्महत्या मंदीत वाढतात आणि तेजीत घटतात असेच चित्र पुढे आले. म्हणजे व्हिएन्नाची साक्ष टिकली, पण इटलीची साक्ष सर्वत्र लागू पडली नाही. अर्धा सिद्धान्त मजबूत आहे, अर्धा वादग्रस्त आहे, असे लिहिणेच प्रामाणिक ठरेल.

तिसरी मर्यादा आपल्या रोजच्या कामाशी निगडित आहे. अनॉमी प्रमाण स्पष्ट करते, एकेक मृत्यू नव्हे. व्हिएन्नात १८७२ मध्येही १४१ माणसे गेलीच होती. १८७४ मधील २१६ पैकी नेमका कोणाचा मृत्यू बाजार कोसळल्यामुळे झाला, हे या आकड्यांतून कधीच निघत नाही. विदर्भातील एखाद्या शेतकऱ्याच्या घरी आपण जातो, तेव्हा हे ध्यानात असू द्या. तेथे ‘समाजाचे नियमन ढळले’ असे पांडित्य करू नये आणि ‘कर्ज होते, म्हणून’ असे एका शब्दात निदानही करू नये. त्या घराची हकिकत त्या घराकडूनच ऐकावी. जिल्ह्याचे प्रमाण काही वर्षे चढत गेलेले दिसले, तर मात्र विचारावे की पिकाचा भाव, पतपुरवठा आणि खर्च यांचे जे माप शेतकरी गृहीत धरून चालला होता, ते कोणी आणि केव्हा मोडले.

हे ‘कोणी’ द्यूरकेमने पुरेसे विचारले नाही, हा माझा त्याच्यावरील आक्षेप आहे. उपाय म्हणून त्याने व्यवसायसंघ सुचवले. एकेका धंद्यातील लोकांनी एकत्र येऊन वेतन, कामाच्या अटी आणि परस्परांची कर्तव्ये ठरवावीत, म्हणजे हरवलेले माप पुन्हा हाती येईल. कामगार संघटना आणि सहकारी संस्था यांत आयुष्य घालवलेल्या आपल्या पिढीला ही कल्पना परकी वाटणार नाही. परंतु नियमन आपोआप ढळत नाही. व्हिएन्नातील शेअरचे भाव फुगवले, तेव्हा त्यातून कोणाचा तरी नफा होत होता. ज्याला माप मोडण्यात लाभ आहे, तो ते पुन्हा घडवण्याच्या मंडळात समान हक्काने बसला, तर घडलेले माप कोणाच्या सोयीचे असेल?

तेव्हा त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे. दारिद्र्याविरुद्ध बोलणे सोडू नका. ते दारिद्र्य अन्याय आहे म्हणून बोला, त्यासाठी आत्महत्येच्या आकड्याचा पुरावा लागत नाही. आणि आकडा हाती घ्याल, तेव्हा किती लोक गरीब आहेत एवढेच पाहू नका. काल ज्याच्या भरवशावर त्यांनी आयुष्य आखले होते, त्यातले आज काय उरले आहे, हेही पाहा. प्रश्नपत्रिकेतील उत्तर येथे संपते.