फोटोतलं उत्तर आणि चालू पेपर

मागच्या भागानंतर काही जणांनी विचारलं होतं की ऑनलाइन प्रॉक्टर्ड परीक्षा चालू असताना ग्रुपवर उत्तरांचे फोटो येतात, ते बघितले तर इतकं काय बिघडतं? कॅमेरा तर फक्त आपला चेहरा बघतो. मग आज त्यावरच बोलूया, आणि एक गणित घेऊन बोलूया, म्हणजे हवेत राहणार नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमचा नेहमीचा प्रश्न. तीन प्रोसेस, P1, P2, P3. तिन्ही शून्य वेळेला आलेल्या, बर्स्ट टाइम अनुक्रमे 5, 4 आणि 3. राउंड रॉबिन, टाइम क्वांटम 2. सरासरी वेटिंग टाइम किती?

समजा पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झालीत आणि एका वहीच्या पानाचा फोटो येतो. सुबक गँट चार्ट, खाली चौकटीत उत्तर: 11. ज्यांनी ज्यांनी फोटो बघितला त्यांनी 11 वर क्लिक केलं. खरं उत्तर 7 आहे. P1 बाराव्या क्षणी संपते, P2 दहाव्या, P3 अकराव्या. त्यातून बर्स्ट वजा केला की 7, 6, 8, आणि सरासरी 7. फोटोवाल्याने घाईत बर्स्ट वजा करायचाच सोडला. म्हणजे त्याने वेटिंग नाही, टर्नअराउंड टाइम काढला.

कॉपी पकडण्याची एक जुनी खूण इथेच दिसते. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार, त्यावरून काहीच कळत नाही. पण विचित्र चुकीचं उत्तर, तेही अनेक प्रश्नांत, त्याच जणांचं सारखं आलं की तपासणाऱ्याची मान वर होते. अर्थात एकाच प्रश्नावरून कुणालाही दोषी ठरवता येत नाही. वेटिंग आणि टर्नअराउंडमधला हा गोंधळ तसा कुणाचाही होतो. आणि खरं सांगायचं तर प्रॉक्टरिंगला मर्यादा आहेत. स्क्रीनच्या कडेला टेकवलेला मोबाइल वेबकॅमला दिसेलच असं नाही.

पण पकडलं जाणं हा माझा मुद्दाच नाहीये. समजा फोटोत 7 लिहिलेलं असतं. तरी ती लबाडीच. त्या प्रश्नाचे दोन मार्क म्हणजे एक विधान असतं, की या मुलीने किंवा मुलाने एवढ्या वेळात, एकट्याने, हे काढलं. पेपर सुरू करताना नियमांच्या खाली टिक करून आपण ते मान्य केलेलं असतं. ओपन बुक परीक्षेत पुस्तक उघडलं तर काही गैर नाही, कारण तिथे ते विधानच वेगळं आहे. इथे मात्र आपण खोटं विधान सही करून देतो. कटऑफ लागतो तेव्हा त्याची किंमत ज्याने कुणाचाच फोटो बघितला नाही तो मोजतो. फोटो पाठवणारा ‘मी मदतच केली’ म्हणतो, पण तोही त्याच खोट्यात सामील आहे.

बरं, मग हे फोटो टाकून द्यायचे का? नाही. पेपर संपून प्रश्न खुले झाले की तेच पान सोन्यासारखं. गेटचे जुने पेपर आणि अधिकृत आन्सर की तर सरळ मिळतात. त्यांच्यासोबत मित्राच्या वहीचा फोटो ठेवून बसा.

आधी फोटो पालथा. प्रश्न स्वतः सोडवा, घड्याळ लावून. मग फोटो उघडा, पण शेवटची चौकट झाकून, आणि चार्टच्या एकेका कप्प्याशी आपला चार्ट ताडून बघा. पहिला फरक जिथे दिसेल तिथे थांबा. बहुतेक वेळा गडबड रांगेत असते: क्वांटम संपलेली प्रोसेस रांगेच्या शेवटी जाते, हे विसरलेलं असतं.

त्यानंतर मला सगळ्यात आवडणारा भाग. फोटोतलं उत्तर न सोडवता खोटं ठरवता येतं का बघा. आपलं 11 घ्या. तिन्ही बर्स्टची बेरीज 12, म्हणजे सरासरी बर्स्ट 4. सरासरी वेटिंग 11 असेल तर सरासरी टर्नअराउंड 15 यायला हवा. पण सगळं काम बाराव्या क्षणी आटोपतंय! मग 15 येईल कुठून? अर्ध्या मिनिटात निकाल. ही तपासणी एकदा हातात बसली की पुढच्या पेपरात ती तुमच्या स्वतःच्या उत्तरावर चालते.

आणि शेवटी आकडा बदला. क्वांटम 3 करा. फोटो आता काही कामाचा नाही. चार्ट पुन्हा काढा: वेटिंग 6, 8, 6 यायला हवं, सरासरी 6.67. P2 चं वेटिंग 6 वरून 8 का झालं, हे मित्राला फोनवर, कागद न दाखवता समजावून सांगता आलं, तर तो प्रश्न तुमचा झाला. नाही जमलं तर चार्टवर P2 चा शेवटचा कप्पा बघा. क्वांटम 3 मुळे तिचा एकच क्षण उरतो, आणि त्या एका क्षणासाठी ती P3 आणि P1 दोघांच्या मागे रांगेत उभी राहते.