‘लॅक्टोज फ्री’ की ‘डेअरी फ्री’? पाकीट वाचायला शिका
(शेतकरी महिला मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या घरी गोठा आहे, दूधदुभते आहे. तरीही बिस्किटे, चॉकलेट, पावडरी यांची पाकिटे आता प्रत्येक घरात येतात. घरातील एखाद्याला दूध सोसत नसेल, तर ही पाकिटे वाचता आलीच पाहिजेत.

एका आजीबाईंची हकीकत सांगतो. त्यांच्या दीड वर्षाच्या नातवाला दुधाची ॲलर्जी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. आजींनी शहरातून ‘लॅक्टोज फ्री’ दूध मागवले आणि चार चमचे पाजले. थोड्याच वेळात बाळाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि दवाखान्यात धावावे लागले. दूध चांगले होते, पाकिटावरचा मजकूरही खरा होता. चूक झाली ती शब्दाचा अर्थ समजण्यात.

साखर वेगळी, प्रथिने वेगळी

लॅक्टोज म्हणजे दुधातील साखर. पेलाभर, म्हणजे २०० मि.लि. गाईच्या दुधात ती साधारण ९ ते १० ग्रॅम असते. ती पचविणारा लॅक्टेज हा पाचक रस काहींच्या आतड्यात कमी पडतो. मग पोट फुगते, गुरगुरते, जुलाब होतात. त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो. ‘लॅक्टोज फ्री’ दुधात हाच लॅक्टेज आधी मिसळून साखर फोडलेली असते. म्हणून ते चवीला थोडे गोड लागते. अशा व्यक्तींना ते चालते. पुष्कळांना थोडे दही-ताकही सोसते, कारण विरजणातील जिवाणू लॅक्टोजचा काही भाग वापरून टाकतात.

ॲलर्जी मात्र दुधातील प्रथिनांची असते. पनीर होताना साकळते ते केसीन आणि निवळीत उरतात ती व्हे प्रथिने. ‘लॅक्टोज फ्री’ दुधात ही दोन्ही जशीच्या तशी असतात. शेळीच्या व म्हशीच्या दुधातील प्रथिनेही बरीचशी सारखीच असल्याने, “गाईचे नको तर शेळीचे द्या” हा सल्लाही बहुतेक वेळा घातक ठरतो. ॲलर्जीवाल्याला ‘डेअरी फ्री’, म्हणजे दुधाचा अंशही नसलेला पदार्थच लागतो.

पाकीट मागून वाचा

पुढच्या बाजूला जाहिरात असते, खरी माहिती मागे घटकांच्या यादीत. जो घटक वजनाने जास्त, तो यादीत आधी असतो. मजकूर इंग्रजीत असला, तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या.

समजा, बिस्किटाच्या पुड्यावर असे आहे : मैदा, साखर, पाम तेल, इन्व्हर्ट सिरप, व्हे पावडर, मीठ, लेसिथिन. यात ‘दूध’ हा शब्द कुठेही नाही, पण व्हे पावडर म्हणजे वाळवलेली निवळी. तिच्यात लॅक्टोजही भरपूर आणि प्रथिनेही. दोघांनाही हा पुडा अयोग्य.

अशीच लपलेली नावे म्हणजे मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, केसीन, सोडियम केसिनेट, कॅल्शियम केसिनेट, लॅक्टाल्ब्युमिन, बटर ऑईल. यांतील सोडियम केसिनेट फार फसवे आहे. चहा-कॉफीत घालायच्या ‘नॉन डेअरी’ क्रीमरमध्येही ते अनेकदा सापडते. त्यात लॅक्टोज नगण्य, पण प्रथिन अस्सल दुधाचे.

उलट, काही नावांना उगीच भिऊ नये. लॅक्टिक ॲसिड व लॅक्टेट हे बहुधा मका किंवा उसाच्या साखरेपासून आंबवून करतात. कोको बटर ही कोकोच्या बियांतील चरबी आहे, तर पीनट बटर म्हणजे शेंगदाण्याचा लगदा. मात्र त्यांच्यात दुसरे काही मिसळले आहे का, हे यादीत पाहावेच.

शेवटी यादीखालची ॲलर्जीची ओळ वाचा. भारतात २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दूध असल्यास तसे तेथे जाहीर करावे लागते. ‘मे कंटेन मिल्क’ असेल, तर त्याच कारखान्यातील दुधाचा अंश लागला असण्याची शक्यता आहे, असे समजावे. ॲलर्जीवाल्याने तो पदार्थ टाळावा. हिरव्या ठिपक्यावर मात्र विसंबू नका. तो फक्त शाकाहाराची खूण आहे आणि दूध शाकाहारातच मोडते.

सुट्या खारी-नानकटाईवर लेबल नसते. तेथे भट्टीवाल्यालाच विचारावे. तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून ॲलर्जी असलेल्या मुलाला ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे. तान्ह्या बाळाचे दूध बंद करून नारळाचे किंवा सोयाबीनचे दूध परस्पर सुरू करू नये. अंगावर गांधी उठून धाप लागली किंवा ओठ सुजले, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा.

बचत गटातून लाडू किंवा बिस्किटे विकणाऱ्या भगिनींनीही हे ध्यानात ठेवावे. मिश्रणात चमचाभर दूध पावडर पडली असेल, तरी पाकिटावर ‘दूध’ असे स्पष्ट लिहावे. ते पाकीट कोणाच्या तरी नातवाच्या हातात जाणार आहे.